खोड-पान मांडणीतून वर्गाचे गुण: सरासरी सांगावी की मध्यक?

चाचणीचे २५ पेपर तपासून झाले, गुण १०० पैकी. आता वर्गाचा निकाल एकाच आकड्यात सांगायचा आहे. बहुतेक जण गुणांची बेरीज करतात, २५ ने भागतात आणि सरासरी सांगून मोकळे होतात. पण गुण खोड-पान पद्धतीने, म्हणजे स्टेम अँड लीफ करून मांडले असतील, तर मध्यकही तितकाच हाताशी असतो. मग यातला कोणता आकडा सांगायचा, हे खरोखर ठरवावे लागते. पाठ्यपुस्तकात सरासरीला ‘मध्य’ म्हणतात. मध्य आणि मध्यक या जोडीत मुलांचा हमखास गोंधळ होतो, म्हणून मी इथे ‘सरासरी’च म्हणणार आहे.

ही आपली मांडणी. डावीकडे खोड म्हणजे दशक, उजवीकडे पाने म्हणजे एकक. ५ | २ म्हणजे ५२ गुण.

```
० | ४ ८
१ |
२ | ९
३ | ५ ८
४ | १ ४ ७
५ | २ ३ ५ ८ ८
६ | ० २ ४ ५ ७ ९
७ | १ ३ ३ ६
८ | २ ५
```

आधी पाने मोजायची. ती २५ भरलीच पाहिजेत. ५८ गुण दोघांना आहेत, म्हणून ८ हे पान दोनदा आले आहे. उतरवताना असे सारखे पान एकदाच लिहिले जाणे ही सर्वांत नेहमीची चूक, आणि ती फक्त मोजणीतच सापडते.

मध्यकासाठी मधला विद्यार्थी शोधायचा. २५ मध्ये १ मिळवून निम्मे केले की १३. म्हणजे चढत्या क्रमाने तेरावा गुण. ओळीओळीने पाने मोजत खाली यायचे: २, मग २ च (१ चे खोड रिकामे), ३, ५, ८ आणि पाचाच्या ओळीअखेर १३. त्या ओळीतले शेवटचे पान ८, म्हणून मध्यक ५८. मी दर वेळी खालच्या टोकाकडूनही मोजून पाहतो. ८ च्या ओळीत २, ७ ची धरून ६, ६ ची धरून १२, आणि तेरावा पुन्हा तोच, पाचाच्या ओळीतला शेवटचा. दोन्ही टोकांकडून एकाच पानावर आलो, तर मोजणी बरोबर आहे. उत्तर लिहिताना मात्र खोड विसरायचे नाही. ‘मध्यक ८’ असे लिहिलेले पेपर दर वर्षी हाती येतात.

सरासरीसाठी २५ संख्या सुट्या करून मिळवत बसायची गरज नाही. खोडे वेगळी मिळवा, पाने वेगळी. प्रत्येक खोड त्याच्या ओळीत जितकी पाने आहेत तितक्या वेळा धरायचे: २ एकदा, ३ दोनदा, ४ तीनदा, ५ पाचदा, ६ सहादा, ७ चारदा, ८ दोनदा. बेरीज १२५, म्हणजे १२५ दशके, १२५० गुण. सगळ्या पानांची बेरीज ११९. एकूण १३६९, भागिले २५, म्हणजे सरासरी ५४.७६.

इथेच पहिला फरक दिसतो. सरासरीला पानांच्या क्रमाशी काही देणेघेणे नाही, मध्यकाला मात्र क्रमाशिवाय गत्यंतर नाही. पेपर जसे हाती आले तसे पाचाच्या ओळीत ५ ८ २ ८ ३ असे लिहिले असते, तरी सरासरी तीच आली असती. पण तेरावे पान म्हणून शेवटचे ३ वाचले गेले असते आणि मध्यक ५३ झाला असता. मांडणी घाईत केली असेल आणि ओळी लावलेल्या नसतील, तर मध्यक काढण्याआधी ती पुन्हा लिहून काढा.

आता एक आकडा ५८, दुसरा ५४.७६. तीन गुणांहून जास्त फरक कुठून आला? उत्तर मांडणीच्या सगळ्यात वरच्या ओळीत आहे. ४ गुण मध्यकापेक्षा ५४ ने कमी आहेत, ८ गुण ५० ने. या दोघांची तूट १०४. ती २५ जणांत वाटली की प्रत्येकी ४.१६. म्हणजे या दोन पेपरांनी सरासरी ५८ पासून ४.१६ खाली खेचली. उरलेल्या २३ जणांची बेरीज १३५७, आणि प्रत्येकी ५८ धरले तर ती १३३४ झाली असती. म्हणजे त्यांच्याकडे २३ गुण जास्त आहेत, त्यामुळे सरासरी ०.९२ वर सरकली. ५८ वजा ४.१६ अधिक ०.९२, बरोबर ५४.७६. हा हिशेब मुलांसमोर एकदा फळ्यावर करून दाखवावा असे मला मनापासून वाटते. त्यानंतर सरासरी म्हणजे तोल सावरणारा बिंदू, हे वेगळे सांगावे लागत नाही.

मध्यकाला त्या दोघांचे गुण किती, याने फरक पडत नाही. ते मधल्याच्या खाली आहेत, एवढेच तो पाहतो.

याचा परिणाम एका विद्यार्थ्याच्या बाबतीत पाहा. ज्याला ५५ मिळाले, त्याच्या पालकांना ‘मुलगा वर्गाच्या सरासरीपेक्षा वर आहे’ असे सांगितले, तर ते खोटे नाही. ५५ हे ५४.७६ पेक्षा जास्तच आहेत. पण मांडणीत तो खालून अकरावा आहे, त्याच्या वर १४ जण आहेत. म्हणजे तो वर्गाच्या खालच्या अर्ध्यात आहे. पालक ‘सरासरीपेक्षा वर’ ऐकतात तेव्हा त्यांच्या मनात ‘निम्म्या वर्गाच्या पुढे’ हेच येते. म्हणून आपले मूल वर्गात कुठे आहे, एवढाच प्रश्न असेल, तर मध्यकच सांगा.

पण मध्यक जे ऐकत नाही, ते काही वेळा ऐकायलाच हवे असते. समजा, वरच्या ओळीतले ४ हे मुळात ४० होते आणि यादी लिहिताना शून्य सुटले. दुरुस्ती केली की ते पान ० च्या ओळीतून निघून ४ च्या ओळीत पहिले बसते. मध्यक? ५८ होता, ५८ च राहतो, कारण ४० सुद्धा मधल्याच्या खालीच आहेत. सरासरी मात्र ५४.७६ वरून ५६.२ होते. मध्यकावर विसंबलेल्याला चूक झाली होती हे कळलेही नसते. मध्यक आणि सरासरीतली तफावत हाच इथे इशारा होता, आणि दुसरा इशारा होता १ चे रिकामे खोड. म्हणूनच रिकामी ओळ गाळू नका. ती गाळली की ८ आणि २९ शेजारी शेजारी दिसतात आणि मधली पोकळी डोळ्यांआड होते. ती पोकळी दिसली की दोन्ही पेपर कपाटातून काढून गुण पुन्हा पडताळावेत. गुण खरेच ४ आणि ८ असतील, तर ते तसेच ठेवायचे. कमी आहेत म्हणून गाळायचे नाहीत. गाळून बघितले तर सरासरी ५९ आणि मध्यक ६० येतो. म्हणजे मध्यक २ ने हलला आणि सरासरी ४ पेक्षा जास्तने. एवढे आपल्यापुरते कळले की पुरे.

गैरहजर मुलांचे एक सांगायला हवे. त्यांचे पान मांडणीत लिहायचेच नाही. ० | ० असे पान म्हणजे पेपर लिहिला आणि शून्य मिळाले. तसे लिहिले तर सरासरी विनाकारण खाली येते, आणि अशी पाने जास्त असतील तर मध्यकही.

विद्यार्थ्यांची संख्या सम झाली की मध्यकात आणखी एक खाच येते. उशिरा दिलेला एक पेपर तपासून झाला, गुण ९१, आणि वर्ग २६ चा झाला. आता मधले दोन, तेरावा आणि चौदावा: पाचाच्या ओळीतले शेवटचे आणि सहाच्या ओळीतले पहिले. ५८ आणि ६० यांच्या मधोमध ५९, हाच मध्यक. चूक होते ती अशी: नुसती पाने घेतली जातात, ८ आणि ० यांचे निम्मे ४ काढले जाते आणि पुढे ५ किंवा ६ हे खोड लावून ५४ किंवा ६४ लिहिले जाते. दोन मधले गुण वेगळ्या खोडांवर असतील, तर ते आधी पूर्ण संख्येत लिहावेत. मध्यक ५८ आणि ६० यांच्या बाहेर जाऊच शकत नाही, एवढे पाहिले तरी चूक पकडता येते. सरासरीत असा काही पेच नाही. १४६० भागिले २६, सुमारे ५६.१५.

दोन तुकड्यांचा मिळून एक आकडा हवा असेल, तर मी सरासरीच्या बाजूने आहे, आणि कारण अगदी रोखठोक आहे. दुसऱ्या तुकडीत ३० मुले आणि सरासरी ६० असेल, तर त्यांची बेरीज १८००. आपली १३६९ मिळवली की ३१६९, भागिले ५५, सुमारे ५७.६२. दुसऱ्या तुकडीची मांडणी पाहण्याचीही गरज पडली नाही. मध्यकांचे असे होत नाही. आपला ५८ आणि त्यांचा समजा ६२, यावरून ५५ जणांचा मध्यक ५८ ते ६२ च्या दरम्यान असेल एवढेच म्हणता येते. नेमका हवा असेल तर दोन्ही तुकड्यांची पाने एकाच खोडाच्या दोन बाजूंना लिहायची आणि दोन्हीकडची मिळून अठ्ठाविसावे पान शोधायचे. वर्षभराच्या चार चाचण्यांची तुलना किंवा शाळेच्या अहवालातील बेरजा, अशा कामांनाही सरासरीच सोयीची.

पण मांडणी हातात असताना आकडा निवडण्याआधी पानांचा आकार एकदा नजरेखालून घाला. पाने मधल्या खोडांवर दाट आणि दोन्ही टोकांना सारखी विरळ असतील, तर दोन्ही आकडे जवळपास सारखेच येतील, कोणताही सांगा. आपल्यासारखी एका टोकाला लांब शेपटी असेल, तर मध्यक सांगा आणि जोडीला ‘दोन पेपर खूपच खाली आहेत’ हे शब्दांत लिहा. आणि कधी पाने दोन गठ्ठ्यांत पडतात: २० मुलांपैकी दहा जण २ आणि ३ च्या खोडांवर, दहा जण ७ आणि ८ च्या, मधल्या तिन्ही ओळी रिकाम्या. दहावा गुण ३८, अकरावा ७१, तर मध्यक ५४.५ येतो, आणि सरासरीही तिथेच कुठेतरी घुटमळते. पन्नाशीत मात्र वर्गातले एकही मूल नाही. अशा वेळी दोन्ही गठ्ठ्यांचे मध्यक वेगवेगळे काढा, प्रत्येकी दहा मुले असल्याने पाचव्या आणि सहाव्या पानाच्या मधोमध, आणि निकालात ते दोन्ही आकडे लिहा.