तीन pKa, सरासरी दोघांची: pI काढताना जोडी कशी निवडावी?

ॲलनिनला pKa दोनच असतात. त्यांची सरासरी घेतली की आयसोइलेक्ट्रिक पॉइंट, म्हणजे pI, मिळतो: ज्या pH ला रेणूवरचा एकूण भार शून्य असतो तो. बाजूच्या साखळीत आयन होणारा गट आला की pKa तीन होतात, आणि खरा प्रश्न गणिताचा नसून जोडी निवडण्याचा होतो.

बहुतेक जण एक नियम पाठ करतात: ॲमिनो आम्ल आम्लधर्मी असेल तर लहान दोन pKa, आम्लारीधर्मी असेल तर मोठे दोन. ॲस्पार्टिक आम्लाला (१.८८, ३.६५, ९.६०) तो चोख लागू पडतो: pI २.७७. पण टायरोसीन कोणत्या गटात टाकणार? सिस्टीन? हिस्टिडीनच्या साखळीचा pKa ६.०० आहे, तो सातच्या खाली दिसतो म्हणून त्याला आम्लधर्मी मानलं, तर (१.८२ + ६.००) / २ = ३.९१ येतं. त्या pH ला रेणूवर जवळजवळ +१ भार असतो, म्हणजे उत्तर साफ चूक.

दुसरी रीत भाराची उतरंड मांडायची. pKa चढत्या क्रमाने लिहा. अगदी कमी pH ला सगळे गट प्रोटॉन धरून असतात, तेव्हा COOH, SH, OH यांच्यावर भार नसतो. NH₃⁺, इमिडाझोल आणि ग्वानिडिनियम यांच्यावर प्रत्येकी +१ असतो. पुढे प्रत्येक pKa ओलांडला की भार एकाने उतरतो. लायसीनमध्ये (२.१८, ८.९५, १०.५३) असे धन गट दोन, म्हणून सुरुवात +२ ने. २.१८ नंतर +१, ८.९५ नंतर ०, १०.५३ नंतर −१. शून्याच्या दोन्ही अंगांचे pKa घ्या:

pI = (८.९५ + १०.५३) / २ = ९.७४

पडताळा घेऊ. pH ९.७४ ला अल्फा-अमिनो गटाचा सुमारे १४ टक्के आणि साखळीतल्या गटाचा सुमारे ८६ टक्के भाग प्रोटॉनसह असतो. बेरीज +१, समोर कार्बोक्सिलेटचा −१. तिन्हींची सरासरी काढली असती तर ७.२२ आलं असतं, आणि तिथे भार अजून +१ च्या आसपासच आहे.

हिस्टिडीनमध्येही धन गट दोनच, त्यामुळे (६.०० + ९.१७) / २ म्हणजे ७.५९. टायरोसीनमध्ये (२.२०, ९.११, १०.०७) धन गट एकच, म्हणून पहिले दोन: ५.६६. इथे मात्र एक सावधगिरी हवी. चुकून २.२० आणि १०.०७ घेतले तर ६.१४ येतं, आणि त्या pH लाही भार फक्त −०.००१ च्या घरात असतो. दोन pKa खूप दूर असले की मधला पट्टा सपाट असतो. तिथे भार मोजून चूक पकडणं अवघड, जोडीच तपासावी लागते.

माझा कौल उतरंडीला. एखादा मिनिट जास्त जातो, पण गट ओळखता आले की 'आम्लधर्मी की आम्लारीधर्मी' हा वादच उरत नाही. लहान पेप्टाइडलाही ती चालते; फक्त पेप्टाइड बंधात अडकलेले गट आधी वगळायचे आणि टोकांचे pKa सुट्या ॲमिनो आम्लाचे धरायचे नाहीत. प्रथिनात शून्याच्या आसपास अनेक pKa दाटीने येतात, तेव्हा दोघांची सरासरी पुरत नाही. तिथे प्रत्येक गटाचा अंशभार हेंडरसन–हॅसलबाल्क समीकरणाने काढून, बेरीज शून्य होईपर्यंत pH बदलत जावं लागतं.