अठरा अध्याय, किती आठवडे? गटवाचनाच्या तीन आखण्या आणि मागे पडलेल्यांसाठी एक नियम

गटाने मिळून ज्ञानेश्वरी वाचायची ठरली की पहिल्याच बैठकीत कोणीतरी म्हणतं, "अठरा अध्याय, अठरा आठवडे. सोपं आहे." आमच्याकडेही असंच झालं. आठ जण, दर गुरुवारी संध्याकाळी एकाच्या घरी, सार्थ प्रत हातात. पाचव्या अध्यायापर्यंत सगळं सुरळीत चाललं. सहाव्याला दोघे म्हणाले, अर्धाच झाला. अकराव्यापर्यंत आम्ही चार जण उरलो होतो.

वाचनाच्या यादीतला प्रत्येक घटक सारखाच मोठा आहे असं धरलं, ही चूक होती. ज्ञानेश्वरीत एकूण सुमारे नऊ हजार ओव्या आहेत, प्रतीप्रतीत थोडाफार फरक असतो. त्यातला पाचवा अध्याय सुमारे 180 ओव्यांचा, तर अठरावा 1,800 च्या आसपास, म्हणजे दहापट. तेरावा जवळजवळ 1,170 ओव्यांचा आहे. तेरावा आणि अठरावा मिळून ग्रंथाचा तिसरा हिस्सा होतो, आणि आमच्या वेळापत्रकात त्यांना अठरापैकी फक्त दोन आठवडे होते.

यावर एक रास्त आक्षेप येतो. हरिनाम सप्ताहात सात दिवसांत पारायण होतंच की, म्हणजे रोज तेराशेच्या आसपास ओव्या. होतं, पण तिथे एका लयीत म्हणणं आणि ग्रंथ पुरा करणं हा हेतू असतो. आम्हाला ओवी, तिचा अर्थ आणि मग बोलणं, असं तिन्ही हवं होतं. माझ्या वेगाने अर्थासह पस्तीस ओव्यांना पंचवीस-एक मिनिटं लागतात. आठवड्याला अडीचशे ओव्या घेतल्या की रोज एवढंच होतं. नोकरी-घर सांभाळणाऱ्या माणसाला हे झेपतं. याच्या पुढे गेलं की आधी अर्थ वाचणं सुटतं, मग गुरुवार सुटतो.

पारायणाची परंपरा मात्र ही गोष्ट फार पूर्वीपासून जाणते. गुरुचरित्राच्या सप्ताहाची रूढ वाटणी पाहा: पहिल्या दिवशी नवव्या अध्यायापर्यंत, दुसऱ्या दिवशी एकविसाव्यापर्यंत, पुढे एकोणतीस, पस्तीस, अडतीस, त्रेचाळीस आणि मग शेवट. दुसऱ्या दिवशी बारा अध्याय आणि पाचव्या दिवशी फक्त तीन. अध्यायांची संख्या सारखी ठेवण्याचा हट्टच नाही, वाचणाऱ्याच्या दिवसाला किती पेलेल ते पाहिलंय.

पहिली आखणी: आठवड्याला एक अध्याय

हिचा एकच मोठा गुण आहे, ती लक्षात राहते. या गुरुवारी कुठवर वाचायचं हे कोणाला विचारावं लागत नाही, आणि प्रत्येक बैठकीला एक पूर्ण विषय मिळतो. यादीतले घटक साधारण सारख्या आकाराचे असतील, उदाहरणार्थ दर महिन्याला दोन-अडीचशे पानांचं एक पुस्तक, तर माझं मत हिलाच. घटकांत दुपटीपेक्षा जास्त फरक असेल तर ही घेऊ नका. ज्ञानेश्वरीत तो दहापट आहे.

दुसरी आखणी: दर आठवड्याला सारख्या ओव्या

नऊ हजारांना अडीचशेने भागलं की छत्तीस आठवडे. कागदावर ही सर्वांत न्याय्य दिसते. आम्ही दुसऱ्या खेपेला हीच घेतली आणि वेगळीच अडचण आली. 250 वी ओवी कुठे येईल याचा काही नेम नसतो. एका गुरुवारी आम्ही एका दृष्टान्ताच्या अगदी मधोमध थांबलो. उपमा वाचून झाली होती, ती कशासाठी दिली ते पुढच्या आठवड्यात येणार होतं. बोलायला काही उरलंच नाही. सात दिवसांनी ती उपमा पुन्हा वाचून पुढे जावं लागलं. एकट्याने रोज नेमाच्या ओव्या वाचणाऱ्याला ही आखणी उत्तम आहे, कारण त्याला आजच्या भागावर कोणाशी बोलायचं नसतं. गटाला ती अडते.

तिसरी आखणी: वरची मर्यादा, आणि थांबा श्लोकाच्या हद्दीवर

आता आम्ही असं करतो. एका आठवड्याला तीनशे ओव्यांच्या वर जायचं नाही, अध्याय ओलांडायचा नाही. मोठा अध्याय तोडायचा तर गीतेचा एक श्लोक संपून दुसरा सुरू होतो तिथेच. ज्ञानदेव श्लोकामागून श्लोक घेऊन चालतात, त्यामुळे असे थांबे भरपूर मिळतात. भाग अगदी सारखे होत नाहीत. वीस-पंचवीस ओव्या इकडे-तिकडे झाल्या तर चालतं.

हिशेब असा बसतो. पहिला, तिसरा, चौथा, पाचवा, सातवा, आठवा आणि बारावा हे अध्याय एकेका आठवड्यात होतात. दुसरा, सहावा, नववा, दहावा यांना दोन-दोन आठवडे. अकराव्याला तीन, तेराव्याला चार. चौदावा ते सतरावा पुन्हा दोन-दोन, आणि अठराव्याला सात. एकूण वाचनाचे आठवडे सदतीस. दर पाच वाचनांनंतर एक आठवडा मोकळा ठेवला की चव्वेचाळीस होतात. वर्षातले आठ आठवडे तरीही हातात राहतात, ते गणपती, नवरात्र, दिवाळी आणि मुलांच्या परीक्षांना आधीच देऊन टाकायचे. सणाच्या आठवड्यात वाचन ठेवलं आणि कोणी आलं नाही, तर तो मागे पडला असं म्हणणंच चूक आहे, तारीख आपण चुकीची धरलेली असते.

या आखणीची किंमतही सांगायला हवी. सुरुवातीला कोणीतरी एका बैठकीएवढा वेळ देऊन सगळे थांबे ठरवावे लागतात आणि ते प्रत्येकाच्या प्रतीत पेन्सिलने खुणावे लागतात. ओव्यांचे क्रमांक प्रतीनुसार थोडे सरकतात, म्हणून खूण क्रमांकाने नव्हे, श्लोकाने करायची. हे केलं नाही तर तिसऱ्याच आठवड्यात दोघे जण वेगवेगळ्या जागी थांबून येतात.

मागे पडलं तर

आखणी कितीही चांगली असो, वर्षभरात प्रत्येकाचं कधीतरी राहतंच. त्यासाठी तीन नियम प्रचलित आहेत.

एक, गटाने थांबायचं. प्रेमळ वाटतो, पण आठ जणांपैकी प्रत्येकाचे वर्षात दोन आठवडे चुकले तर सोळा वेळा थांबावं लागेल. चव्वेचाळीस आठवड्यांचे साठ होतात. वेळेवर वाचून येणाऱ्यांनाही मग वाचून येण्याचं कारण राहत नाही.

दोन, मागे पडलेल्याने दुप्पट वाचून गाठायचं. बहुतेक गट न बोलता हाच नियम धरतात, आणि माझ्या अनुभवात माणसं गळतात ती यामुळेच. वेळ नव्हता म्हणून जो मागे पडला, त्याच्याकडून आपण लगेच दुप्पट वेळ मागतो. शिवाय तो जुना भाग वाचत असतो तेव्हा गुरुवारी चर्चा नव्या भागाची चालू असते. तो येतो, गप्प बसतो आणि दोन आठवड्यांनी यायचा थांबतो.

तीन, आधी चालू भाग. आम्ही हाच घेतला आणि त्याला तीन अटी जोडल्या. परत आल्यावर फक्त या आठवड्याचा भाग वाचून यायचं. राहिलेलं फक्त मोकळ्या आठवड्यात वाचायचं, आणि तेही शेवटच्या दोन भागांपुरतं. त्याहून जुनं प्रतीत खूण करून ठेवायचं, ते ग्रंथ संपल्यावर. मधल्या भागात काय आलं ते दुसऱ्या कोणीतरी बैठकीच्या सुरुवातीला दहा मिनिटांत सांगायचं.

आमच्यातल्या एका काकूंचं उदाहरण देते. घरात लग्न होतं, म्हणून त्यांचे एकविसावा ते तेविसावा असे तीन भाग चुकले: तेराव्या अध्यायाचे शेवटचे दोन आणि चौदाव्याचा पहिला. सुमारे 790 ओव्या. दुप्पट वाचनाच्या नियमाने त्यांना लागोपाठ तीन आठवडे पाचशे ते सहाशे ओव्या वाचाव्या लागल्या असत्या, म्हणजे रोजचा जवळजवळ तासभर. आमच्या नियमाने त्या चोविसाव्या आठवड्यात फक्त चौदाव्याचा दुसरा भाग वाचून आल्या, साधारण दोनशे ओव्या. चौदाव्यात सत्त्व, रज, तम या गुणांचं विवेचन आहे. पहिल्या भागाचं सार दहा मिनिटांत ऐकलं आणि त्या त्याच दिवशी बोलल्या. पुढच्या आठवड्याला सगळ्यांबरोबर पंधराव्याचा पहिला भाग. मग मोकळा आठवडा आला, त्यात तेराव्याचा शेवट आणि चौदाव्याची सुरुवात मिळून पाचशे ओव्या त्यांनी वाचल्या. रोज पन्नास मिनिटं, पण एकच आठवडा, आणि नवीन काही डोक्यावर नव्हतं. तेराव्याचा एक भाग खूण करून राहिला.

या नियमालाही मर्यादा आहे. तेराव्यात अमानित्व, अदंभित्व, अहिंसा अशी ज्ञानाची लक्षणं एकामागून एक येतात, तिथे कुठल्याही लक्षणापासून आत शिरता येतं. सहाव्यातलं योगाभ्यासाचं वर्णन मात्र पायरीपायरीने वर चढत जातं, त्यात मधूनच उतरलं तर हाती काही लागत नाही. तिथे मागे पडलेल्याला मी अध्यायाच्या सुरुवातीपासूनच वाचायला सांगते, मग एक गुरुवार नुसतं ऐकायला लागलं तरी चालेल. तुमची यादी सुट्या पुस्तकांची असेल तर चालू भागावर उडी मारण्यात फारसं काही बिघडत नाही, पुढचं पुस्तक नव्याने सुरू होतं. एकच मोठी कादंबरी अनेक आठवडे वाचत असाल तर उडी महाग पडते. तिथे मोकळा आठवडा दर पाचऐवजी दर तीन वाचनांनंतर ठेवा.

चूक माणसाची की आखणीची हे ओळखायची एक साधी खूण आम्ही ठरवली आहे. बैठकीच्या सुरुवातीला प्रत्येकाने कुठवर आलो ते सांगायचं, कारण द्यायचं नाही. आठांपैकी तीन किंवा अधिक जण लागोपाठ दोन आठवडे मागे असतील तर कोणालाही गाठायला सांगायचं नाही. मर्यादा तीनशेवरून अडीचशेवर आणायची आणि पुढचे थांबे नव्याने खुणवायचे. अकराव्या अध्यायाला आम्ही हे एकदा केलं, तीनाऐवजी चार आठवडे दिले. हातातल्या आठ आठवड्यांतला एक त्यात गेला.

अठराव्याच्या सात आठवड्यांत मात्र अडीचशेचीच वाटणी आधीपासून धरली आहे, कारण तिथे सगळेच दमलेले असतात. शेवटच्या भागात पसायदान आहे, आणि अगदी अखेरीस ग्रंथ शके 1212 मध्ये झाल्याचा उल्लेख. त्या गुरुवारी कोणाचे किती भाग राहिलेत हे विचारायचं नाही असं आम्ही ठरवलं आहे. सहा महिन्यांपूर्वी गळालेल्यांनाही त्या दिवशी निरोप जातो, तेवढाच भाग वाचून या म्हणून.