थाळी बास्केट, टँडेम बॉक्स आणि कटलरी ट्रे : आठ महिन्यांच्या वापरानंतर

ट्रॉल्यांची ऑर्डर देताना कॅबिनेटचं बाहेरचं माप सांगू नका. बास्केट बसते ती आतल्या रुंदीत. ६०० मिमीच्या कॅबिनेटला १८ मिमीचे प्लाय असतील तर आत ५६४ मिमी उरतात. साध्या टेलिस्कोपिक चॅनलला प्रत्येक बाजूला अर्धा इंच, म्हणजे चार सूत लागतात. दोन्ही बाजूंचे मिळून २६ मिमी वजा केले की ५३८ उरतात. २१ इंची बास्केट ५३३ मिमीची असते, ती इथे बसते. उरलेले ५ मिमी चॅनलमागे पट्टी लावून भरून काढावे लागतात. याच हिशेबाने ५५० ला १९ इंची, ५०० ला १७ इंची आणि ४५० ला १५ इंची बास्केट येते. आतून लॅमिनेट लावलं असेल तर आणखी दोनेक मिमी जातात, म्हणून लॅमिनेट झाल्यावर पुढे, मध्ये आणि मागे असं तीन ठिकाणी मापा. मागे माप कमी भरलं तर ट्रॉली शेवटच्या दोन इंचांत अडते. पट्टी न लावता चॅनल ओढून बसवला तर काही आठवड्यांत खडखड सुरू होते आणि दर्शनी फळी एका बाजूला झुकते.

टँडेम बॉक्सचा हिशेब वेगळा. त्याच्या बाजू जाड असतात आणि चॅनल आत लपलेला असतो. आमच्या सेटमध्ये तळाची फळी आतल्या रुंदीपेक्षा ७५ मिमी कमी कापायची होती. म्हणजे ५६४ मध्ये ४८९. कंपनीप्रमाणे हा आकडा बदलतो, त्यामुळे खोक्यातला तक्ता पाहूनच फळी कापायला द्या. ४५० च्या कॅबिनेटमध्ये तळ जेमतेम ३३९ मिमीचा राहतो. एवढ्या अरुंद जागेत टँडेम घेऊ नये, तिथे तारेची बास्केटच बरी. रुंद कॅबिनेटमध्ये मात्र कुकर-कढया ठेवायला टँडेमच. भरलेला असतानाही तो बोटाने ढकलला की हळूच बंद होतो.

थाळी बास्केटमध्ये रुंदीपेक्षा उंची चुकते. ८ इंच ही बास्केटची उंची, ताटाची नव्हे. उभं ठेवलेलं १२ इंची ताट ३०५ मिमी वर येतं. खालची तार आणि वरची मोकळी जागा धरून ३४० मिमी तरी हवेत. कॅबिनेटची आतली उंची ६८० असेल तर वर कटलरीला १४०, मध्ये कप-वाट्यांना १८० आणि खाली ताटांना ३६० असं वाटप जमतं. कमी ठेवलं तर ताटाची कड वरच्या ट्रॉलीच्या तळाला घासते, आणि तिथल्या चकचकीत रेघेवरून ते लगेच कळतं. ओली ताटं ठेवल्यास गंज आधी तारांच्या जोडांवर धरतो.

कटलरी ट्रे अगदी शेवटी घ्या, ड्रॉवरच्या आतलं माप घेऊन. ४८९ च्या तळात ५३० चा ट्रे कापल्याशिवाय जात नाही, आणि कापला तर कडेचा खण अर्धवट राहतो. झारा आणि लाटणं मावेल असा एक लांब, न विभागलेला खण त्यात असलाच पाहिजे.