‘झिरो बॅलन्स’ खात्यातून ३,२०९ रुपये कसे गेले आणि त्यातले कोणते परत मिळाले

माझा भाचा चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला होता. तो कामावर लागला तेव्हा एका खाजगी बँकेची माणसं कारखान्याच्या गेटवरच टेबल टाकून बसली होती. आधार, पॅन, दोन सह्या, आणि खातं तयार. ‘सॅलरी अकाउंट आहे, झिरो बॅलन्स, एक रुपया ठेवायची गरज नाही,’ असं त्या मुलांनी सगळ्यांना सांगितलं. हे वाक्य त्या दिवशी खरं होतं. पगार थांबला की ते खोटं ठरतं, एवढंच त्यांनी सांगितलं नाही. माझ्या मते ही फसवणूकच आहे, कारण कंत्राटी कामगाराचा पगार कधी ना कधी थांबणारच, हे खातं उघडणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

एप्रिलमध्ये कंत्राट संपलं आणि शेवटचा पगार मे महिन्याच्या सुरुवातीला जमा झाला. भाचा सांगलीला परत आला. खात्यात १,८४० रुपये होते, ते त्याने तसेच राहू दिले. बहुतेक बँकांत सलग तीन महिने पगार जमा झाला नाही, की सॅलरी खात्याचं आपोआप साधं बचत खातं होतं. इथेही तसंच झालं. खाते क्रमांक तोच, कार्ड तेच, पासबुकही तेच. बदलला फक्त बँकेच्या संगणकातला खात्याचा प्रकार, आणि त्याबरोबर दरमहा सरासरी १०,००० रुपये शिल्लक ठेवायची अट लागू झाली.

जानेवारीत एका मित्राने उसने घेतलेले ४,००० रुपये त्याच्या खात्यावर पाठवले. पैसे आल्याचा मेसेज आला आणि पाठोपाठ कपातीचे मेसेज आले. शिल्लक उरली २,६३०. तो घाबरून माझ्याकडे आला. ‘मामा, खातं हॅक झालंय का?’ मी एका पतसंस्थेत हिशेब बघतो, त्यामुळे बँकेचं स्टेटमेंट वाचायची सवय आहे. खातं उघडल्यापासूनचं पूर्ण स्टेटमेंट मागवलं आणि एकेक नोंद पाहत गेलो.

पहिला दंड सप्टेंबरच्या सुरुवातीला पडला होता. बँकेचा नियम असा होता, की जेवढी शिल्लक कमी, तिच्या ६ टक्के किंवा ५०० रुपये, यातली जी रक्कम कमी असेल ती. ऑगस्टभर १,८४० शिल्लक, म्हणजे तूट ८,१६० ची. त्याचे ६ टक्के ४८९.६०, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ५७७.७३ रुपये. दंड कापल्यामुळे शिल्लक आणखी खाली गेली, तूट वाढली, म्हणून ऑक्टोबरपासून दंड पूर्ण ५०० आणि जीएसटी ९०, असे ५९० रुपये दरमहा. मध्येच तिमाहीचे एसएमएस शुल्क १७.७० आणि डेबिट कार्डाची वार्षिक फी २३६. नोव्हेंबरच्या सुरुवातीला खात्यात फक्त ४१८.५७ उरले होते. ५९० चा दंड त्यात मावेना, म्हणून बँकेने शिल्लक शून्यावर आणली आणि उरलेले १७१.४३ ‘येणे’ म्हणून लिहून ठेवले.

इथून पुढचा प्रकार प्रत्येकाने समजून घ्यावा. खातं शून्यावर असताना पासबुकात काहीच दिसत नाही, माणसाला वाटतं आता कापायला उरलंच काय. पण दर महिन्याचा दंड आत साठत राहतो. त्याला बँकेत ‘लीन’ किंवा ‘होल्ड’ म्हणतात. पुढे त्या खात्यात कोणतीही रक्कम आली, की साठलेलं सगळं एका झटक्यात वसूल होतं. भाच्याच्या चार हजारांतून १,३६९.१३ गेले ते असे. सगळं मिळून ३,२०९.१३. हीच रक्कम गॅसच्या सबसिडीची किंवा एखाद्या विधवा बाईच्या पेन्शनची असती तरी यंत्राने तेच केलं असतं, याचा मला खरा राग आहे.

सांगलीच्या शाखेत गेलो तर काउंटरवरचं उत्तर ठरलेलं: ‘सिस्टिमने कापलंय, आमच्या हातात नाही.’ हे ऐकून बरेच लोक परत फिरतात. शाखेच्या हातात निदान वरच्या कार्यालयाकडे रिव्हर्सलची, म्हणजे कापलेली रक्कम परत जमा करण्याची, शिफारस करणं असतंच. पण तोंडी विनवणी करून ते होत नाही, नियमावर बोट ठेवावं लागतं.

तो नियम असा. रिझर्व्ह बँकेने २० नोव्हेंबर २०१४ रोजी किमान शिल्लकेच्या दंडाबद्दल परिपत्रक काढलं, त्यातला नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू झाला. शिल्लक कमी झाली तर बँकेने ग्राहकाला एसएमएस, ईमेल किंवा पत्राने स्पष्ट कळवायचं, की सूचनेपासून महिन्याभरात शिल्लक भरली नाही तर दंड लागेल. निदान एक महिन्याची मुदत दिल्याशिवाय दंड लावता येत नाही. दंड तुटीच्या रकमेच्या प्रमाणात हवा. आणि निव्वळ दंडामुळे खातं उणे होता कामा नये.

भाच्याच्या फोनमधले त्या बँकेचे सगळे मेसेज आम्ही खाली खाली जात तपासले. कर्जाच्या ऑफर होत्या, क्रेडिट कार्डाच्या होत्या, दंड कापल्यानंतरचे होते. ‘तुमचं खातं आता साधं बचत खातं झालं आहे’ किंवा ‘महिन्याभरात शिल्लक भरा’ असा मेसेज एकही नव्हता. ईमेल तर कारखान्याच्या ठेकेदाराने आपलाच टाकलेला निघाला. ज्या बँकेने एसएमएसचे पैसे घेतले, तिने जो एसएमएस पाठवणं बंधनकारक होतं तोच पाठवला नव्हता. आमचा अर्ज याच एका मुद्द्यावर उभा राहिला.

अर्ज मराठीतच केला, साधा, एका पानाचा. मधला मजकूर असा होता:

‘माझे वरील खाते सॅलरी खाते म्हणून उघडले होते. ते साध्या बचत खात्यात बदलल्याची सूचना मला मिळालेली नाही. किमान शिल्लक न ठेवल्याबद्दल सोबतच्या स्टेटमेंटमध्ये खूण केलेल्या पाच नोंदींनुसार दंड व जीएसटी मिळून २,९३७.७३ रुपये वसूल केले आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २० नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकानुसार एक महिन्याची पूर्वसूचना कोणत्या तारखेला, कोणत्या क्रमांकावर पाठवली, याची नोंद द्यावी. तशी नोंद नसल्यास संपूर्ण रक्कम जीएसटीसह परत जमा करावी, होल्ड काढावा, आणि खाते मूलभूत बचत ठेव खात्यात बदलून द्यावे.’

सूचना पाठवली होती हे दाखवायची जबाबदारी अशाने बँकेवर जाते. ‘माझ्यावर अन्याय झाला’ असं लिहिलं तर उत्तरात सहानुभूती येते. तारीख आणि क्रमांक मागितला तर कुणाला तरी नोंद शोधावी लागते. एसएमएस शुल्काबद्दल आम्ही वेगळी ओळ घातली. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सांगितलं आहे, की हे शुल्क प्रत्यक्ष वापरानुसार घ्यावं. म्हणून त्या तिमाहीत किती मेसेज पाठवले याचा आकडा मागितला.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर तोच अर्ज बँकेच्या अधिकृत संकेतस्थळावरून तक्रार म्हणून टाका. कस्टमर केअरला फोन केला तर ते ‘सर्व्हिस रिक्वेस्ट’चा क्रमांक देऊन मोकळे होतात. ‘ही विनंती नाही, तक्रार आहे, तक्रार क्रमांक द्या,’ असं स्पष्ट म्हणायचं, कारण पुढे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं तर आधी बँकेकडे लेखी तक्रार केली होती हे दाखवावं लागतं. तक्रारीला तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. त्याला फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

आम्हाला तिथवर जावं लागलं नाही. पहिलं उत्तर गुळमुळीत आलं: ‘शुल्क दरपत्रकानुसार आकारले आहे.’ त्यावर आम्ही पुन्हा तोच प्रश्न विचारला, सूचनेची तारीख कोणती, आणि प्रत बँकेत वरच्या पातळीवर तक्रारी बघणाऱ्या नोडल अधिकाऱ्याला पाठवली. त्याचा ईमेल पत्ता बँकेच्या संकेतस्थळावर तक्रार निवारणाच्या पानावर असतो. नंतर खात्यात २,४८९.६० जमा झाले. बरोबर दंडाची रक्कम, जीएसटी सोडून. तिथे थांबू नका. मूळ शुल्कच परत दिलं, तर त्यावरचा कर ग्राहकाने कशासाठी सोसायचा? आणखी एक ईमेल गेला आणि ४४८.१३ आले. एसएमएसचे दोन्ही तिमाहींचे ३५.४० वाद न घालता दिले. होल्ड शून्यावर केला.

कार्डाची फी मात्र मिळाली नाही. खातं उघडताना सही केलेल्या फॉर्मसोबतच्या दरपत्रकात ती छापलेली होती आणि त्या वर्षी कार्ड वापरलेलंही होतं. इथे बँकेची बाजू भक्कम होती, म्हणून आम्ही ते सोडून दिलं. ज्यांनी कार्ड कधी चालूच केलं नाही, किंवा न मागता महागड्या प्रकारचं कार्ड ज्यांच्या माथी मारलं, त्यांनी या फीसाठीही जरूर भांडावं. तसंच पूर्वसूचना खरोखर मिळाली असेल तर दंड परत देणं बँकेवर बंधनकारक राहत नाही. मग ती फक्त सौजन्य म्हणून एखाद्या वेळी देते.

मूलभूत बचत ठेव खात्याबद्दल थोडं. कागदपत्रं पूर्ण असतील तर चालू बचत खातं त्यात बदलून मागता येतं. किमान शिल्लकेची अट नसते, एटीएम कार्डाला वार्षिक फी नसते. मर्यादा अशी, की महिन्यात ठरावीक वेळाच पैसे मोफत काढता येतात आणि त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. काउंटरवर सहसा कुणी आपणहून हे सुचवत नाही. नाव घेऊन मागावं लागतं. स्टेट बँकेने किमान शिल्लकेचा दंड २०२० मध्येच काढून टाकला आणि २०२५ मध्ये कॅनरा, पंजाब नॅशनल यांसारख्या आणखी काही सरकारी बँकांनीही तो बचत खात्यांवरून उठवला. खाजगी बँकेत मात्र नोकरी सुटल्यावर पडून राहिलेलं सॅलरी खातं आजही तपासलंच पाहिजे. दोन वर्षं व्यवहार न झालेल्या निष्क्रिय खात्यावर असा दंड लावता येत नाही. मधल्या काळातच खातं पोखरलं जातं.

तक्रार केल्यावर दुसऱ्या दिवशी भाच्याला एक फोन आला: ‘बँकेतून बोलतोय, तुमचे चार्जेस रिफंड करायचे आहेत, लिंक पाठवली आहे, ती उघडून ओटीपी सांगा.’ रिव्हर्सल बँक आतल्या आतच तुमच्या खात्यात जमा करते. त्याला ओटीपी, यूपीआय पिन किंवा लिंक यातलं काहीही लागत नाही. गुगलवर सापडलेल्या कस्टमर केअर क्रमांकावर तर फोन करूच नका, कार्डाच्या मागे छापलेलाच क्रमांक वापरा. भाच्याने त्या माणसाला तक्रार क्रमांक विचारला, तसा फोन कट झाला.