द्राक्षाच्या खोक्यांत झालेली फसवणूक: कोटेशनमधून गाळलेल्या ओळी आधी बघा

नाशिक जिल्ह्यात पॅकहाऊस चालवणाऱ्या आणि पुठ्ठ्याचे खोके हजारांच्या हिशेबात घेणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. आमचा दिंडोरी तालुक्यातला शेतकरी गट आहे, निर्यातीची द्राक्षं स्वतः पॅक करतो. गेल्या हंगामात खोक्यांच्या एका पुरवठादाराने आम्हाला जसं फसवलं, तसं तो इतरांनाही फसवू शकतो, कारण त्याची पद्धत ठरलेली आहे. नाव लिहीत नाही, प्रकरण वकिलाकडे आहे. पद्धत मात्र सगळी सांगतो.

डिसेंबरमध्ये आम्ही अंबड, सातपूर आणि सिन्नर भागातल्या सहा पुरवठादारांना एकच मागणीपत्र पाठवलं. पाच किलो द्राक्ष मावणारा, पाच प्लायचा छापील खोका, एकूण 24,000 नग, सहा-सहा हजारांच्या चार गाड्यांत. कागदाची जातही लिहिली होती: तिन्ही लायनर, म्हणजे सपाट थर, 180 जीएसएम, 22 बीएफचे, मधले दोन नळीदार थर 150 जीएसएमचे. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, आणि बीएफ म्हणजे त्या वजनाच्या मानाने कागदाची ताकद. बर्स्टिंग, म्हणजे पुठ्ठा फुटेपर्यंत पेलतो तो दाब, किमान 12, रिकाम्या खोक्याचं वजन 600 ग्रॅम. पहिली गाडी 25 जानेवारीच्या आत. पैसे माल उतरवून तपासल्यावर 30 दिवसांत.

इतकं बारीक लिहायचं कारण शीतगृह आहे. द्राक्ष शून्य ते एक अंश तापमानाला आणि 90 ते 95 टक्के आर्द्रतेत ठेवतात. तसल्या ओलाव्यात पुठ्ठ्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते. गोदामात कोरडा खोका कितीही टणक लागू दे, पॅलेटवर सगळ्यात खाली असलेला खोका वरच्या सगळ्या थराचं ओझं दमट हवेत दिवसच्या दिवस पेलत असतो. तिथे कागद कमी पडला की थप्पी बसते.

चार जणांची कोटेशनं आली. तिघांचा दर एका खोक्याला 41 ते 43 रुपये, चौथ्याचा 36. चोवीस हजार नगांवर किमान सव्वा लाखाच्या आसपास वाचत होते, आणि त्याने आणून दिलेलं सॅम्पल उत्तम होतं. आम्ही ते तपासलं, वजन सहाशे ग्रॅमच्या वर भरलं. ऑर्डर त्याला गेली.

आता त्याच्या कोटेशनमध्ये काय होतं ते बघा. बाकी तिघांनी आमच्या मागणीपत्रातला तक्ता जसाच्या तसा भरून पाठवला होता: थरानुसार जीएसएम, बीएफ, बर्स्टिंग, वजन. याच्या कागदावर लेटरहेड, शिक्का, सही, सगळं झकपक होतं; पण तक्त्याच्या जागी एकच ओळ होती, ‘पाच प्लाय खोका, नमुन्याप्रमाणे’. वजन नाही, बर्स्टिंग नाही. पैशाची अटही बदललेली होती: पूर्ण ऑर्डरवर 50 टक्के अ‍ॅडव्हान्स, आणि उरलेले प्रत्येक गाडीमागे माल उतरवण्याआधी. त्यावर विचारलं तर फोनवर म्हणाला, ‘शेठ, कागदाचे भाव रोज हलतायत, मिलवाले मला उधार देत नाहीत. माल तुम्ही बघितलाच आहे, तसाच येणार.’ हे बोलणं ऐकायला रास्त वाटतं. कागद खरोखरच महागतो, आणि अ‍ॅडव्हान्स मागणारे प्रामाणिक पुरवठादारही असतात. पण अ‍ॅडव्हान्स पूर्ण ऑर्डरवर आणि तपशील शून्य, हे दोन्ही एकत्र आलं की डाव तयार झालेला असतो. मापच लिहिलेलं नसेल तर माल कमी निघाला हे कशाच्या आधारावर दाखवणार?

पंचवीस जानेवारी उलटून गेली. रोज ‘उद्या निघते’. इकडे बागेत साखर भरलेली, कंटेनरची तारीख ठरलेली, काढणीचे मजूर आलेले. उशीर हा त्याच्या पद्धतीचाच भाग आहे असं मी आता खात्रीने म्हणतो, कारण उशिरा आलेला माल तपासायला कुणाकडे वेळ नसतो. गाडी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, संध्याकाळी अंधार पडल्यावर आली. आल्या आल्या त्याचा फोन: ‘बाकीचे टाका, मग ड्रायव्हर ताडपत्री सोडेल.’ पैसे गेले, माल उतरला. स्टोअरकीपरने दाराजवळचे दोन-तीन गठ्ठे सोडून पाहिले. ते सॅम्पलसारखेच होते. आतले गठ्ठे तसे नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून पॅकिंग सुरू झालं आणि माल प्रीकूलिंग करून शीतगृहात गेला. पुढे शीतगृहाच्या फोरमनचा फोन आला, ‘दादा, खालची थप्पी बसली. दोन पॅलेट कलंडलेत.’ जाऊन बघितलं तर तळातल्या ओळीतले खोके कोपऱ्यात मोडले होते. वरचे पनेट, म्हणजे खोक्यातले द्राक्षांचे छोटे डबे, खालच्या मालावर दाबले गेले होते, मण्यांना डाग पडले होते, देठाजवळून रस सुटला होता. तो माल निर्यातीला चालत नाही. चांगला माल दुसरीकडून तातडीने आणलेल्या खोक्यांत पुन्हा भरावा लागला, कंटेनर हुकला, आणि दबलेला माल स्थानिक बाजारात मिळेल त्या भावाने गेला. ज्यांनी वर्षभर छाटणी, डिपिंग, फवारणी करून तो माल उभा केला होता, त्या सभासदांना हे सांगताना मला काय वाटलं ते शब्दांत मांडता येत नाही.

खोका खरा की खोटा हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही, म्हणून हा भाग जरा सविस्तर लिहितो. खोक्याच्या सपाट बाजूचा, घडी किंवा छपाईचा दाब नसलेला, बरोबर दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटरचा तुकडा ब्लेडने कापा. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा हजार रुपयांच्या आत मिळतो. त्या तुकड्याचं ग्रॅममधलं वजन गुणिले शंभर, म्हणजे पुठ्ठ्याचं एकूण जीएसएम. आमच्या मागणीनुसार तीन लायनरचे 540 आणि नळीदार थर लाटांमुळे सरळ कागदापेक्षा साधारण दीडपटीच्या थोडा कमी लागतो म्हणून त्या दोघांचे 420, मिळून 960. वर खळीचं थोडं वजन. म्हणजे तुकडा दहा ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. दाराजवळच्या गठ्ठ्यातला भरला. आतल्या गठ्ठ्यातला आठ ग्रॅमच भरला.

मग तो तुकडा अर्धा-पाऊण तास पाण्यात ठेवला. खळ सुटते आणि पाचही थर वेगळे होतात. ते सरळ करून, वाळवून एकेक तोलले. बाहेरचा लायनर 1.8 ग्रॅम, म्हणजे 180 जीएसएम, अगदी मागणीप्रमाणे. आतले दोन्ही लायनर 1.2 ग्रॅम, म्हणजे 120. नळीदार थरही 150 ऐवजी 120 चेच. डोळ्यांना आणि बोटांना जो थर लागतो तेवढाच त्याने चांगला लावला होता. नंतर खासगी तपासणीत बर्स्टिंग 12 ऐवजी नऊच्या आसपास निघालं.

यावरून दराचा हिशेबही उलटा निघतो. 41 रुपयांचा 600 ग्रॅमचा खोका किलोला 68 रुपये पडतो. याचा 36 रुपयांचा खोका 480 ग्रॅमचा, म्हणजे किलोला 75 रुपये. चार कोटेशनांत सगळ्यात महाग माल हाच होता! कोटेशनं समोर ठेवल्यावर नगाच्या दराशेजारी किलोचा दर लिहून बघा, आणि ज्याने वजनच दिलेलं नाही त्याची तुलना करूच नका. गाडी गेटवर आली की आधी वजनकाट्यावर न्या. सहा हजार खोके 3,600 किलो व्हायला हवेत; आमच्या गाडीत आतला बहुतेक माल हलका होता, काट्यावर सहा-सातशे किलोंचा फरक उतरवण्याआधीच दिसला असता. आत लपवलेला गठ्ठा काट्यापुढे लपत नाही.

पैशाचं असं झालं: जीएसटी सोडून पूर्ण ऑर्डर 8,64,000 रुपयांची. अ‍ॅडव्हान्स 4,32,000, पहिल्या गाडीचे उरलेले 1,08,000. एकूण 5,40,000 गेले, माल आला 2,16,000 चा, तोही निकृष्ट. न आलेल्या मालाचे 3,24,000 त्याच्याकडे अडकले. अ‍ॅडव्हान्स फक्त पहिल्या गाडीवर असता तर यातली मोठी रक्कम आमच्याच खात्यात राहिली असती.

तक्रार आम्ही थप्पी बसली त्याच रात्री ईमेलने केली, फोटो आणि चलनाचा नंबर जोडून. हे फार उपयोगी पडलं. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर 2006 च्या एमएसएमईडी कायद्यानुसार माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही की तो माल तुम्ही स्वीकारला असं धरलं जातं, आणि मग तो थकबाकीवर चक्रवाढ व्याजासह दावा करू शकतो. आमच्या नोटिशीला उत्तर म्हणून त्याने हीच धमकी दिली: उरलेल्या तीन गाड्या उचला आणि पैसे भरा, नाहीतर थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या, याच कायद्याखालच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जातो. ईमेलची तारीख दाखवल्यावर ती भाषा बंद झाली. फोनवर कितीही भांडा, ही मुदत फोनने थांबत नाही.

वकिलांनी दुसरी एक गोष्ट सांगितली. 1930 च्या मालविक्री कायद्यात नमुन्यावरून केलेल्या विक्रीचं कलम आहे. सगळा माल नमुन्याशी जुळायला हवा आणि खरेदीदाराला ताडून पाहण्याची वाजवी संधी मिळायला हवी. म्हणजे ‘नमुन्याप्रमाणे’ ही ओळ त्याच्यावरही उलटू शकते, पण नमुना तोच आहे हे सिद्ध करता आलं तर. आमच्याकडच्या सॅम्पलवर त्याची सही नव्हती, आणि ते सॅम्पल आपलं नाहीच असं तो आता म्हणतोय. दोन खोके घ्या, दोन्हींवर दोघांची सही, तारीख, वजन लिहा, एक त्याच्याकडे, एक तुमच्याकडे. पोलिसांनी हा दिवाणी वाद आहे म्हणून अर्ज ठेवून घेतला. व्यापारी न्यायालयात जाण्याआधी मध्यस्थी लागते, तिचा अर्ज आम्ही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दिला आहे.

मध्यंतरी निफाडच्या एका गटाकडून त्यांना आलेलं कोटेशन पाहायला मिळालं. फर्मचं नाव वेगळं, मजकूर तोच: पाच प्लाय खोका, नमुन्याप्रमाणे, पूर्ण ऑर्डरवर निम्मे आगाऊ. जीएसटी नंबरमधले तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतचे दहा अंक-अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन असतो. ती ताडली तर वेगळी होती, घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावावर असावी. पण जीएसटीच्या संकेतस्थळावर करदाता शोधून पाहिल्यावर व्यवसायाचा पत्ता तोच निघाला, गाळा नंबरासकट. त्या गटाने ऑर्डर थांबवली.