काफ्का की साधी रांग?

सोलापुरात चादरी-टॉवेलचा ऑनलाइन धंदा करणाऱ्या मित्राने विचारलं, ऑर्डरींसाठी काफ्का घेऊ की रॅबिटएमक्यू? दोन्ही एका प्रोग्रामचे निरोप दुसऱ्याकडे पोचवतात; रॅबिटएमक्यू म्हणजे साधी रांग, काफ्का निरोप वहीसारखे लिहून ठेवतो.

आधी क्रम बघू. ऑर्डर ४१२ चे दोन निरोप आले: ‘४० चादरी’, मग ‘रद्द’. साध्या रांगेवर तीन वर्कर, म्हणजे निरोप उचलून काम करणारे प्रोग्राम, असतील तर पहिला निरोप एकाकडे, दुसरा दुसऱ्याकडे जातो. पहिला डेटाबेसपाशी अडकला की ‘रद्द’ आधी उरकतं आणि माल पॅक होतो. काफ्कात ऑर्डर नंबर ‘key’ म्हणून दिला, तर दोन्ही निरोप एकाच पार्टिशनमध्ये, म्हणजे काफ्कातल्या एकाच ओळीत, मागोमाग बसतात. पण क्रमाची हमी पार्टिशनपुरतीच. पुढे पार्टिशन वाढवले तर त्याच ऑर्डरचे नवे निरोप दुसरीकडे जाऊ शकतात, म्हणून आकडा सुरुवातीलाच जरा सढळ ठेवावा.

आता वाचणारे. काफ्काच्या एका कंझ्युमर ग्रुपमध्ये, म्हणजे काम वाटून घेणाऱ्या वर्करांच्या गटात, एक पार्टिशन एकालाच मिळतो. पार्टिशन तीन आणि वर्कर चार, तर चौथा नुसता बसून. रांगेत मात्र चौथा लगेच कामाला लागतो. शिवाय काफ्कात एक निरोप अडला की त्याच्या मागची ओळ तुंबते. ग्रुपचा लॅग, म्हणजे वाचायच्या राहिलेल्या निरोपांचा आकडा, वाढत गेला की समजावं.

पण हिशेबवाल्यांना त्याच ऑर्डरी हव्या असतील तर काफ्कात दुसरा ग्रुप पुरतो, जुन्यासुद्धा वाचता येतात (मूळ सेटिंगला ७ दिवस). रांगेतला निरोप पोच मिळाली की गेला.

मित्राला फक्त बिलाचे एसएमएस पाठवायचे असते तर रांगच सांगितली असती. ऑर्डरी बदलतात, रद्द होतात, गोदाम आणि हिशेब दोघांना लागतात, म्हणून त्याला काफ्का.