फोटोतून वीजबिल भाषांतर करणारं ॲप: काही महिन्यांच्या वापरानंतर

नाशिकच्या अंबड-सातपूरकडे खोल्या भाड्याने देणाऱ्यांचे भाडेकरू आता ओडिया, बंगाली, तमिळ असे सगळीकडचे. महावितरणचं बिल मात्र मराठीत. कॅमेरा धरला की मजकूर हव्या त्या भाषेत दाखवणारं ॲप त्यासाठी बरं, असं सगळे सांगतात. काही महिने वापरल्यावर मत असं: रकमांसाठी चालेल, तारखांसाठी डोळे उघडे ठेवूनच.

सगळ्यात मोठी तक्रार एका अक्षराची. बिलावर ‘देयक दिनांक’ आणि ‘देय दिनांक’ असे दोन रकाने असतात. पहिला बिल काढल्याचा दिवस, दुसरा पैसे भरायची शेवटची तारीख. कागदाची घडी किंवा सावली त्या ‘क’वर पडली की ॲप दोन्हीकडे एकच शब्द देतं. मग भाडेकरू एक तर बिल हातात येताच मुदत संपली म्हणून धावपळ करतो, नाही तर कुठली तारीख खरी म्हणून थांबून राहतो. ही चूक ओळखायला ॲपची गरज नाही. घरगुती बिलाला साधारण 21 दिवसांची मुदत असते. दोन तारखांपैकी तेवढ्या दिवसांनी नंतरची जी, तीच पैसे भरायची शेवटची; तेवढं अंतरच दिसलं नाही, तर तारखेचं वाचनही चुकलंय.

त्याच भागात आणखी एक तारीख असते. बिल निघाल्यापासून 7 दिवसांत भरलं तर कर-शुल्क वगळून उरलेल्या रकमेवर 1 टक्का सूट मिळते, आणि मुदत उलटली तर 1.25 टक्के विलंब आकार लागतो. म्हणजे एकाच बिलावर तीन रकमा. ॲप ओळ डावीकडून उजवीकडे सरळ वाचतं, त्यामुळे शेजारच्या रकान्यातली रक्कम भलत्याच तारखेला चिकटते. उपाय साधा आहे: पूर्ण पानाचा फोटो देऊ नका, तेवढाच चौकोन कापून द्या. हलत्या कॅमेऱ्यावरचं भाषांतर तर वापरूच नका, त्यात आकडे थरथरतात. स्थिर फोटोच घ्या.

आकड्यांसाठी एक पडताळा आहे. 140 युनिटचं नमुना बिल घ्या: स्थिर आकार 130, वीज आकार 830, वहन आकार 206, इंधन समायोजन 34. बेरीज 1200. घरगुती वीज शुल्क या बेरजेच्या 16 टक्के, म्हणजे 192. एकूण 1392, आणि पूर्णांक देयक जवळच्या दहाला धरून 1390. लवकर भरलं तर 12 रुपये कमी होऊन 1380, उशीर झाला तर 1410. आता ॲपने 830 चे 880 वाचले, तर शुल्क 200 यायला हवं. बिलावर 192 दिसतं, म्हणजे फोटो परत काढा. कॅल्क्युलेटर असलेला कोणीही भाडेकरू हे करू शकतो, मराठी यायची गरज नाही. ‘आकार’चं भाषांतर ॲप ‘साईज’ करतं, ते हसून सोडून द्यावं.

वीज आकाराची रक्कम युनिटांनी भागून कोणी ‘एक युनिट एवढ्याला पडलं’ असं म्हणू लागला, तर थांबवा. पहिली 100 युनिटं एका दराने, 101 ते 300 पर्यंतची त्याहून चढ्या दराने. वरच्या नमुन्यात 40 युनिटंच महाग आहेत. ॲप दरांचा तक्ता भाषांतरित करतं, पण टप्पे समजावत नाही.

इथपर्यंत लिहिताना दोन स्टार द्यायचे ठरले होते. मत बदललं ते कागदाऐवजी पीडीएफ दिल्यावर. 12 अंकी ग्राहक क्रमांक टाकून महावितरणच्या संकेतस्थळावरून बिल उतरवा, मोठं करून स्क्रीनशॉट काढा, तो ॲपला द्या. घडी नाही, सावली नाही, आणि ‘क’ जागच्या जागी. फुकटच्या आवृत्तीतही एवढं होतं. पैसे मागणारी आवृत्ती घ्यायचं कारण सापडलं नाही.

एक सावधगिरी भाषांतराच्या पलीकडची. ‘निव्वळ थकबाकी’ची ओळ शून्य नसेल, तर ती भाडेकरू राहायला येण्याआधीची आहे का ते मागच्या बिलावरून बघा, कारण ॲप ती चालू रकमेसारखीच दाखवतं. आणि वर्षातून एकदा येणारं अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल घरमालकाच्या नावावरचं असतं. भाषांतरात ते नुसतं ‘डिपॉझिट’ होतं आणि भाडेकरूला वाटतं, खोलीचं डिपॉझिट वाढवलं. ते कागद त्याच्या हाती देताना तोंडाने सांगाच.

महापालिकेच्या पाणीपट्टीवर ॲप बरं चालतं, ओळी कमी असतात म्हणून. तिथे एकक किलोलिटर, म्हणजे 1000 लिटर, एवढं सांगितलं की पुरे.

आता साडेतीन स्टार. अर्धा त्या ‘क’साठी कापला.